दुरुस्तीचा व्यवसाय: सगळंच घ्यावं की एकच बिघाड धरून बसावं?

रानजाई
नमस्कार मंडळी. नोकरी सोडून चार महिने झाले. धाकट्या भावाने इलेक्ट्रॉनिक्सची पदविका केली आहे आणि तीन वर्षं एका दुरुस्ती केंद्रात काम केलं आहे. आता दोघांनी मिळून स्वतःचं काही सुरू करावं असं चाललं आहे. हात त्याचे, आणि हिशेब, सुटे भाग मागवणं, गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे.

ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक घरात काही ना काही बंद पडून कोपऱ्यात उभं आहे. टाकवत नाही, आणि कोणाकडे न्यावं ते कळत नाही. म्हणून आम्ही यादी केली: टीव्ही, वॉशिंग मशीन, लॅपटॉप, मिक्सर, शिवाय लाकडी फर्निचरचं पॉलिश आणि सांधे. भाऊ म्हणतो सगळं घेऊ, जे येईल ते शिकत जाऊ. मला त्याची धास्ती वाटते. तुमच्यापैकी कोणी या धंद्यात असेल तर सांगा, सुरुवात कशाने करावी?

जुनी_खुर्ची
फर्निचर वेगळं ठेवा. मी स्वतः जुन्या खुर्च्या, टेबलं नीट करून देते. सांधा उघडून जुना गोंद खरवडायचा, नवा लावून शिकंज्यात आवळायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. घासकामाची धूळ तर सगळीकडे जाते. त्याच खोलीत तुमच्या भावाचं सोल्डरिंग आणि उघडे बोर्ड असतील तर दोघांचंही काम बिघडेल.

पाखरू
वाचते आहे. आमच्याकडेही एक कोपरा आहे :)

पेचकस
रानजाई, तुमची धास्ती रास्त आहे. अठरा वर्षं टीव्ही उघडतो आहे, त्यावरून सांगतो. सगळं घेणाऱ्याकडे सगळ्याचे भाग अर्धे असतात. वस्तू धरू नका, एक बिघाड धरा. आजच्या घडीला मी नव्याने सुरू केलं असतं तर फक्त एलईडी टीव्हीचा बॅकलाइट घेतला असता. आवाज येतो, रिमोट चालतो, पण पडदा काळा. लोक समजतात पॅनेल गेलं, आणि नवा टीव्ही आणतात. प्रत्यक्षात पॅनेल धडधाकट असतं, त्याच्या मागचे दिवे गेलेले असतात.

ओळखायला पैसे लागत नाहीत. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू करून मेनू उघडा आणि टॉर्च पडद्याला अगदी चिकटवून तिरकी धरा. पुसटशी अक्षरं दिसली तर चित्र तयार होतंय, फक्त उजेड नाही. आणखी एक खूण म्हणजे चालू करताच क्षणभर चित्र उजळतं आणि विझतं. एलईडी एकामागे एक साखळीने जोडलेले असतात. त्यातला एक तुटला की वीज पुढे जात नाही, दिव्यांना वीज पुरवणारा बोर्डावरचा ड्रायव्हर व्होल्टेज वाढवत नेतो, ठरलेल्या मर्यादेला पोचतो आणि स्वतःला बंद करून घेतो.

अर्धविराम
पेचकस, हे कपॅसिटरमुळे होतं ना? आमच्या टीव्हीचे पॉवर बोर्डावरचे दोन कपॅसिटर फुगले होते, बदलल्यावर पाच मिनिटांत टीव्ही सुरू. मी तर सांगेन आधी कपॅसिटर बदला, स्वस्तात काम होतं.

पेचकस
अर्धविराम, तुमचं झालं ते खरंच आहे, पण लक्षण वेगळं असणार. कपॅसिटर फुगलेले असले की सेट सुरूच होत नाही, नुसता दिवा लुकलुकतो, किंवा तापेपर्यंत पाच-सहा वेळा चालू-बंद होतो. इथे आवाज व्यवस्थित येतोय, म्हणजे मुख्य सप्लाय ठीक आहे. सरसकट कपॅसिटर बदलणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता गोळी देणं.

मात्र एक भर घालतो, कारण टॉर्च अर्धंच सांगते. उजेड नाही एवढं कळतं, पण एलईडी बसवलेली पट्टी गेली की ड्रायव्हर ते कळत नाही. त्यासाठी बॅकलाइटच्या जोडणीवर मीटर लावून सेट चालू करायचा. व्होल्टेज उसळी मारून खाली आलं तर ड्रायव्हर शाबूत आहे आणि साखळी कुठेतरी तुटली आहे. उसळीच आली नाही तर आधी बोर्ड बघायचा, पॅनेलला हात लावायचा नाही. हा एक मिनिटाचा तपास न करता लोक पॅनेल उघडतात आणि मग हळहळतात.

कंदील
माझ्या टीव्हीवर उजवीकडे उभ्या रंगीत रेघा येतात आणि अर्धा पडदा फिकट दिसतो. मीही टॉर्च मारून पाहिली, फरक पडला नाही. म्हणजे बॅकलाइट बदलावा लागेल का? तीन वर्षंच झाली आहेत.

पेचकस
नाही कंदील, तुमचा बॅकलाइट चालू आहे, म्हणूनच रेघा दिसतात. रेघा म्हणजे पॅनेलच्या कडेला चिकटवलेल्या बारीक फितीची जोडणी किंवा पॅनेल स्वतः. आतली सपाट केबल काढून साफ करून परत बसवल्यावर कधीकधी काम होतं, तेवढं करून बघायला हरकत नाही. त्यापुढे मी असे सेट घेत नाही, आणि रानजाईंनीही घेऊ नयेत. त्या फिती गरम दाबाने चिकटवायचं यंत्र लागतं, आणि करूनही ते किती टिकेल याची खात्री देता येत नाही.

मोगरा७
मी गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलते. आमचा त्रेचाळीस इंची टीव्ही असाच काळा झाला. एकाने घरी येऊन दुरुस्त केला, पैसे घेतले, चार महिन्यांत परत अंधार. दुसऱ्याकडे नेला तर तो म्हणाला "पहिल्याने नीट केलं नाही", आणि नुसतं उघडून बघायचे वेगळे पैसे मागितले. दुरुस्त झाला नाही तरी पैसे द्यायचे, हे मला पटत नाही. नंतर टीव्ही दुसऱ्यानेच केला आणि दोन वर्षं चाललाय, पण मनातून राग गेला नाही.

पेचकस
मोगराताई, तुमच्या टीव्हीचं काय झालं असेल ते मला जवळजवळ दिसतंय, कारण अगदी असाच एक सेट माझ्याकडे आला होता. तो सविस्तर सांगतो, रानजाईंच्या भावालाही उपयोगी पडेल.

त्रेचाळीस इंची, आत तीन पट्ट्या, प्रत्येकीवर आठ एलईडी, तिन्ही एकाच साखळीत. आधीच्या माणसाने एकच जळलेला एलईडी बदलला होता, तो पांढराशुभ्र उठून दिसत होता. मी पट्ट्या टेस्टरवर लावल्या. हे एलईडी तीन व्होल्टचे, म्हणजे एका पट्टीला चोवीसच्या आसपास लागतात. दोन पट्ट्या पेटल्या, तिसरी नाही. मग तिसरीवर एकेक एलईडी तपासला. पाचवा मेलेला, मधोमध काळा ठिपका. पण खरी गोष्ट पुढे आहे. पेटलेल्या पट्ट्यांवर लेन्स काढून पाहिलं तर सहा-सात एलईडींचा पिवळा भाग तपकिरी पडला होता आणि उजेड निळसर झाला होता. चोवीसच्या चोवीस एलईडींनी सारखेच तास आणि सारखाच ताप सोसलेला असतो. पहिला मेला तेव्हा बाकीचे रांगेत उभे होतेच. एक बदलून सेट बंद करणं म्हणजे पुढच्या तक्रारीची तारीख ठरवणं.

मी तिन्ही पट्ट्या नव्या घातल्या आणि ड्रायव्हरचा करंट खाली आणला. बोर्डावर करंट मोजणारे छोटे रेझिस्टर शेजारी शेजारी समांतर लावलेले असतात. या सेटमध्ये तीन सारखे होते, त्यातला एक उचलला. ड्रायव्हर त्यांच्यावर ठरलेलंच व्होल्टेज राखतो, त्यामुळे करंट दोन तृतीयांशावर आला. उजेड थोडा कमी झाला, पण ताप बराच उतरला. तो सेट नंतर माझ्याकडे आला नाही.

दोन_टोकं
पेचकस काका, एक शंका. करंट कमी करण्याऐवजी गिऱ्हाइकाला मेनूमधून ब्राइटनेस कमी ठेवायला सांगितलं तर? बोर्डाला हात लावायची गरजच नाही.

पेचकस
दोन गोष्टी आहेत. मेनूतला "ब्राइटनेस" बऱ्याच सेटमध्ये दिव्यांना हात लावत नाही, काळ्या भागाची छटा वर-खाली करतो. दिव्यांसाठी "बॅकलाइट" नावाचा वेगळा पर्याय असतो. तो शंभरवरून साठवर आणला तर खरोखर फायदा होतो आणि हे मी प्रत्येकाला सांगतो. पण चित्राचा मोड बदलला किंवा सेट रिसेट झाला की तो परत शंभरावर जातो. दहा तास टीव्ही चालणाऱ्या घरात कोणी ना कोणी मोड बदलतंच.

सोनचाफा
रेझिस्टर उचलण्याशी मी सहमत नाही. गिऱ्हाइकाने जेवढ्या उजेडाचा टीव्ही विकत घेतला, तेवढा त्याला परत मिळायला हवा. उन्हाच्या खोलीत टीव्ही बघणाऱ्याला दोन तृतीयांश करंट झेपणार नाही. किमान विचारून करा.

पेचकस
विचारूनच करतो. खोलीत ऊन येत असेल तर करत नाही, पण मग हमी कमी महिन्यांची देतो आणि का ते सांगतो. नुसती हमी देऊन मोकळं होणारे बरेच आहेत, सेट पूर्ण उजेडावर सोडतात आणि परत आला की गिऱ्हाइकाशी भांडतात.

अर्धविराम
मीसुद्धा एकदा पट्ट्या तपासल्या होत्या, मल्टिमीटर डायोडवर ठेवून. एकही एलईडी पेटला नाही, म्हणून सगळ्या मेल्या असं समजून टाकून दिल्या.

पेचकस
अरेरे! बहुतेक त्या सहा व्होल्टच्या असतील. एकाच एलईडीच्या पोटात दोन जोडलेले असतात. साध्या मीटरच्या डायोड मोडमध्ये तेवढं व्होल्टेज नसतं, त्यामुळे चांगला एलईडीही पेटत नाही. बॅकलाइट टेस्टर वेगळा मिळतो, तो करंट मर्यादेत ठेवून व्होल्टेज आपोआप वाढवतो. पहिल्या दिवशी घ्यायची ती वस्तू. मात्र त्याची टोकं हाताने धरू नका, लांब साखळीला ते शंभरच्या वर जातं. आणि पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही साडेतीनशे-चारशे व्होल्ट काही वेळ राहू शकतात. मोजून खात्री केल्याशिवाय बोट नको.

रानजाई
पेचकस काका, मनापासून आभार. भावाने तुमचे प्रतिसाद दोनदा वाचले. तो म्हणतो बोर्डाचं काम येतं, पण केंद्रात पॅनेल उघडायला त्याला कधी दिलं नाही. मोठ्या पडद्याचं पॅनेल फुटलं तर काय, याची मला झोप लागेना. आणि पट्ट्या आधीच भरून ठेवायच्या की मागवायच्या? मॉडेल नंबरवरून कळतात ना?

पेचकस
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण यातच नवीन माणूस फसतो. मागच्या लेबलवरच्या मॉडेलवरून पट्टी ठरत नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी पॅनेल बसवलेली असतात. सेट पूर्ण उघडून पट्टीवर छापलेला नंबर वाचायचा. मग एलईडी किती, तीनचे की सहाचे, लांबी किती, आणि जोडणी कोणत्या टोकाला, हे चारही जुळवायचं. याचा अर्थ असा की उघडल्यावर भाग मागवायचा आणि तो येईपर्यंत काही दिवस सेट उघडाच राहणार. दहा सेट असे अडकले की उभं राहायला जागा उरत नाही. तेव्हा भावाला सांगा, टेबलाआधी मांडणी करा. गादी लावलेले आडवे कप्पे, एका कप्प्यात एकच पॅनेल, कधीही एकावर एक नाही.

आता उघडणं. मागचं झाकण, बोर्ड, मग कडेची चौकट, आणि मग पॅनेलची काच. काचेच्या एका कडेला त्या बारीक फिती लोंबतात. पॅनेलं फुटतात त्यापेक्षा या फिती जास्त फाटतात, आणि एक फाटली की सेट संपला. काच उचलताना फितीच्या बाजूला जोडलेला अरुंद बोर्ड काचेबरोबरच उचलायचा, लोंबू द्यायचा नाही. त्रेचाळीसपर्यंत चूषक कपांनी एकट्याला जमतं, पण शिकताना तेही दोघांनी करा. त्यावर दोन माणसं, आणि कोणी उचलायचं ते बोलून. खाली पांढरट पत्रे असतात, साधारण तीन. कोणता वर, कोणती बाजू आत, हे कोपऱ्याला चिकटपट्टी लावून खूण करा. उलटे बसले की चित्रावर विचित्र झळाळी येते आणि परत सगळं उघडावं लागतं. हातमोजे घाला. एक केस आत राहिला तर पांढऱ्या पडद्यावर कायम दिसतो.

मी सुरुवातीला भंगारातले, रेघा आलेले सेट आणून वीस वेळा उघडले आणि बंद केले, तेव्हा हात बसला. भावाला हेच करायला सांगा. दुसऱ्याच्या चांगल्या सेटवर पहिला हात नको.

दोन_टोकं
मी वॉशिंग मशीनवाला. काकांचं "एक बिघाड धरा" अगदी पटलं. मी समोरून दार असलेल्या मशीनची बेअरिंगं करतो. सुकवताना विमान उडाल्यासारखा आवाज आला की लोक मशीन बदलतात. त्यातही तोच फेरा आहे. बेअरिंग बदलायचं आणि पाणी अडवणारं सील जुनंच ठेवायचं, की काही महिन्यांत पाणी आत शिरून नवं बेअरिंग गंजतं. आणि ज्या मशीनचा ड्रम प्लास्टिकने जोडून सांधलेला असतो तो उघडतच नाही, कापावा लागतो. असं मशीन मी फोनवरच नाही म्हणतो. कोणतं घ्यायचं नाही याची यादी तयार झाली, तेव्हा माझा धंदा सुरळीत झाला.

सोनचाफा
अवांतर, पण सुट्या भागांबद्दल. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून टीव्ही कंपन्यांना काही सुटे भाग, मॉडेल बाजारातून गेल्यानंतरही किमान सात वर्षं दुरुस्तीवाल्यांना द्यावे लागतात. त्या यादीत आतला पॉवर सप्लाय, जोडण्या, कपॅसिटर आहेत, पण बॅकलाइटच्या पट्ट्या नाहीत. जो भाग हमखास जातो तोच वगळला.

पाखरू
अम्स्टरडॅममध्ये २००९ साली पहिला रिपेअर कॅफे भरला, लोक वस्तू घेऊन येतात आणि स्वयंसेवक शेजारी बसवून दुरुस्त करायला शिकवतात. रानजाईताई, महिन्यातून एक दिवस असं काही ठेवा ना. गिऱ्हाईकही मिळेल.

पेचकस
पाखरू, इस्त्री, पंखा, दिवा यांच्यासाठी छान आहे. पण बॅकलाइट त्या टेबलावर नको. एक तर दोन-अडीच तास लागतात, आणि गर्दीत काच उघडी ठेवायची नाही.

मोगरा७
पैशांचं कोणी बोललंच नाही. उघडून बघायचे पैसे का घेता?

रानजाई
मोगराताई, काल मी भावाबरोबर घड्याळ लावून बसले. भंगारातला एक सेट उघडून, पट्ट्या तपासून, परत बंद करायला आम्हाला पावणेदोन तास लागले. तपासच एवढा आहे. तो फुकट केला तर ते पैसे ज्यांचा टीव्ही दुरुस्त होतो त्यांच्या बिलात घालावे लागतील. म्हणून असं ठरवतो आहोत: टॉर्च आणि मीटरचा तपास फुकट. पॅनेल उघडावं लागलं तर शुल्क, आणि दुरुस्ती केली तर ते बिलातून वजा. जुनी पट्टी परत द्यायची, मेलेल्या एलईडीवर खूण करून, म्हणजे काय गेलं होतं ते तुमच्या डोळ्यांना दिसेल. हे पटेल का?

मोगरा७
पट्टी हातात दिलीत तर पटेल. मला तेव्हा कोणी काही दाखवलंच नव्हतं.

जुनी_खुर्ची
आणि पॅनेल फुटलं तर कोणाचं नुकसान? मी खुर्चीचा पाय तोडला तर माझा.

पेचकस
यावर माझं आणि माझ्या भागीदाराचं अजून एकमत नाही. तो गिऱ्हाइकाकडून आधी सही घेतो की पॅनेलची जबाबदारी आमची नाही. मी घेत नाही. माझ्या हाताने फुटलं तर सेटची त्या दिवशीची जुनी किंमत मी देतो, आणि म्हणून फार मोठे सेट सरळ नाकारतो.

सोनचाफा
सहीवाल्याशी मी सहमत. अगदी पातळ सेटमध्ये चौकट काचेला चिकटवलेली असते, कितीही जपलं तरी फुटू शकते. ते आधी सांगणं हा प्रामाणिकपणाच आहे.

पेचकस
चिकटवलेले सेट मी घेतच नाही, त्यामुळे माझ्यावर ती वेळ येत नाही. रानजाईंनी दोन्ही बाजू ऐकून ठरवावं.

रानजाई
ठरलं ते लिहिते. पहिले सहा महिने फक्त बॅकलाइट, पंचावन्न इंचांपर्यंत, त्रेचाळीसच्या वर दोघं मिळून. चिकटवलेल्या चौकटीचे, वाकड्या पडद्याचे आणि रेघांचे सेट नाही. फर्निचर यादीतून काढलं, जुनी_खुर्चीताई, तुमच्याकडे पाठवीन. सहीचं अजून ठरत नाहीये, भाऊ म्हणतो घेऊ, मी म्हणते नको. भंगारातून आणखी सहा सेट आणले आहेत. कालच्या सेटमध्ये पत्रे उलटे बसले आणि सगळं परत उघडावं लागलं, चिकटपट्टीची खूण करायला विसरलो होतो.

कंदील
केबल काढून साफ करून बसवली. दोन रेघा गेल्या, एक आहे.